वाफसा म्हणजे फील्ड कपॅसिटी नव्हे

कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वहीत एक ओळ होती: फील्ड कपॅसिटी म्हणजे वाफसा. परीक्षेत तीच लिहिली, मार्कही मिळाले. पुढे पीएचडीसाठी शेतकऱ्यांची प्रश्नावली तयार करताना मी बिनदिक्कत विचारलं, 'पेरणी वाफसा असताना केली का?' उत्तर 'हो' आलं की इंग्रजी तक्त्यात त्यासमोर 'फील्ड कपॅसिटीला पेरणी' अशी नोंद करत गेलो. तक्ता बघून माझ्या मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, 'काळ्या रानात फील्ड कपॅसिटीला तिफण चालेल का रे?'

मी गप्प. कारण चालत नाही हे मला घरूनच माहीत होतं. फणाला माती चिकटते, नळे बुजतात, बैल चिखलात रुततो. शेतातलं हे ज्ञान आणि वहीतली ती ओळ दोन्ही डोक्यात होती, पण एकमेकांना कधी भेटली नव्हती.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल आणि इंग्रजी पेपर वाचताना बाजूला मराठी शब्द लिहून ठेवत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शब्दांची लांब यादी इथे नाही. एकच जोडी घेऊ, ती का चुकते ते पाहू आणि पेपरमध्ये तिच्याकडे कसं बघायचं ते ठरवू. ही जोडी मुद्दाम निवडली आहे, कारण इथे चूक भाषेत होते पण फटका आकड्यांना बसतो.

आधी इंग्रजी शब्द कुठून आला ते पाहू

'फील्ड कपॅसिटी' ही संज्ञा कॅलिफोर्नियातल्या व्हेमायर आणि हेंड्रिक्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये रूढ केली. त्यांच्या व्याख्येचा अर्थ साधारण असा: भरपूर पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर जास्तीचं पाणी खाली निघून जातं आणि खाली जाण्याचा वेग बराच मंदावतो. त्या वेळी जमिनीत जेवढं पाणी धरून राहतं ती फील्ड कपॅसिटी. याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. पण व्याख्येतच एक अट आहे, जी आपण पाठ करताना गाळतो. जमीन पाणी सहज झिरपू देणारी आणि वरपासून खालपर्यंत एकसारख्या पोताची, रचनेची हवी.

आता आपलं काळं रान आठवा. ओलं झालं की फुगतं, वाळलं की भेगाळतं. पहिल्या पावसाचं पाणी भेगांमधून थेट खाली जातं. मग भेगा मिटतात आणि पाणी मुंगीच्या पावलानं सरकतं. तिथे 'दोन-तीन दिवसांत निचरा संपला' असं म्हणायला ठाम जागाच नाही. म्हणून प्रयोगशाळेत एक सोयीची खूण ठरवली गेली. मातीचा नमुना प्रेशर प्लेटवर ठेवायचा, ३३ किलोपास्कल दाब द्यायचा आणि नमुन्यात जे पाणी उरेल त्याला फील्ड कपॅसिटी म्हणायचं. वाळूसर जमिनीसाठी बरेच जण १० किलोपास्कल घेतात. पीक कायमचं कोमेजतं तो बिंदू १५०० किलोपास्कलला धरतात. या दोन खुणांमधलं पाणी ते पिकाला उपलब्ध पाणी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या व्याख्येत औत नाही, बियाणं नाही, शेतकऱ्याचा पायही नाही. प्रश्न फक्त एवढाच आहे की ही जमीन किती पाणी धरून ठेवते. हे एका हौदाच्या वरच्या पातळीचं माप आहे.

आता आपला शब्द

वाफसा, कुठे वापसा, कुठे नुसतं 'वाफ आली', तर आमच्याकडे 'रानाला घात आली'. यातला कुठलाही शब्द वापरणारा माणूस किती पाणी धरलंय हे सांगत नसतो. रानात औत घालता येईल का, एवढंच तो सांगत असतो. त्याची परीक्षाही तशीच असते. वखराच्या पाशीच्या खोलीवरची मूठभर माती उचलायची, दाबायची. हाताला पाणी सुटलं किंवा माती बोटांना चिकटली, तर अजून थांबा. लाडू झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर भुगा होऊन पडला, तर वाफसा. लाडूच होत नसेल, तर वाफसा उडाला.

म्हणजे वाफशाला दोन कडा आहेत. ओल्या बाजूची कड ओलांडली नाही तर चिखल, कोरड्या बाजूची ओलांडली तर ढेकळं. वाफसा येतो आणि जातो. आपण सहज म्हणतो, 'दोन दिवस वाफसा राहील.' फील्ड कपॅसिटीबद्दल असं कोणी म्हणत नाही, कारण ती एक रेघ आहे. वाफसा ही खिडकी आहे. रेघेला खिडकीचं नाव दिलं की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

मग वाफशाला इंग्रजीत काही आहे का? आहे, आणि ते आपल्याच विषयाच्या दुसऱ्या शाखेत आहे. मशागतीवरच्या पेपरमध्ये 'सॉइल वर्केबिलिटी' हा शब्द शोधा. मातीवर औजार चालवून तिचा भुसभुशीत भुगा करता येईल अशी ओलाव्याची स्थिती, असा त्याचा अर्थ. तिथे ओल्या बाजूची कड मोजायला स्वीडनच्या ॲटरबर्ग यांच्या १९११ च्या कामातून आलेली 'प्लास्टिक लिमिट' वापरतात. मातीची वळी तळहाताखाली वळत जायची. साधारण ३ मिलिमीटर जाडीला ती तुटायला लागली की तिथला ओलावा ही प्लास्टिक लिमिट. त्याहून ओली माती कुंभाराची, त्याहून कोरडी माती शेतकऱ्याची. मशागतीला सर्वांत चांगला ओलावा प्लास्टिक लिमिटच्या सुमारे ९ दशांशाला असतो, हा ठोकताळा तुम्हाला अनेक पेपरमध्ये दिसेल.

२००१ मध्ये डेक्स्टर आणि बर्ड यांनी याच्या पुढे जाऊन ओलाव्याची एक पूर्ण पट्टी मांडली: ओली कड, सर्वोत्तम बिंदू आणि कोरडी कड. कोरडी कड त्यांनी अशी ठरवली की सर्वोत्तम ओलाव्याला मातीची जी ताकद असते ती जिथे दुप्पट होते, तिथे थांबायचं. मी तो पेपर वाचला तेव्हा मला हसूच आलं. खिडकी, दोन कडा, मधली चांगली जागा. शेतकरी मुठीनं जे करतो तेच.

आकड्यांत बघू

नुसतं 'वेगळं आहे' म्हणून भागत नाही. किती वेगळं, ते कळायला हवं. एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबासाठी मी धरलेले आहेत. तुमच्या रानाचे आकडे तुम्हाला मोजावे लागतील.

समजा काळी भारी जमीन आहे. ३३ किलोपास्कलला तिच्यात वजनानं ३६ टक्के पाणी राहतं. प्लास्टिक लिमिट २८ टक्के आहे, म्हणजे मशागतीला चांगला ओलावा साधारण २५ टक्के. स्थूल घनता दर घन सेंटिमीटरला १.२ ग्रॅम. आपल्याला वरच्या १५ सेंटिमीटरशी मतलब आहे.

फील्ड कपॅसिटीला या थरात किती पाणी आहे? ३६ टक्क्यांना १.२ ने गुणलं की आकारमानानं ४३ टक्के. १५० मिलिमीटर खोलीत ते झालं सुमारे ६५ मिलिमीटर. वाफशाला २५ टक्के, म्हणजे आकारमानानं ३० टक्के, म्हणजे ४५ मिलिमीटर. फरक २० मिलिमीटर.

हे २० मिलिमीटर पाणी जायला हवं, तेव्हा कुठे फील्ड कपॅसिटीला असलेलं रान वाफशावर येईल. निचरा जवळपास थांबलेला आहे, म्हणून ते मुख्यतः बाष्पीभवनानंच जाणार. ऊन पडलं आणि दिवसाला ४ मिलिमीटर उडालं तर पाच दिवस. आभाळ भरून राहिलं आणि २ च मिलिमीटर उडालं तर दहा दिवस. आणि हा हिशेब उदार आहे. प्रत्यक्षात वरचा पापुद्रा सुकला की बाष्पीभवन मंदावतं, खालचा थर ओलाच राहतो आणि मध्ये एखादी सर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता हलकी, वाळूसर जमीन घ्या. तिची फील्ड कपॅसिटी समजा वजनानं १२ टक्के आणि ११ टक्क्यांना पेरता येतं. स्थूल घनता १.५. त्याच थरात फरक निघतो सव्वादोन मिलिमीटरचा. सकाळी फील्ड कपॅसिटी, संध्याकाळी वाफसा. अशा जमिनीत माझ्या वहीतली ती ओळ जवळजवळ खरी ठरते! प्लास्टिक लिमिट तर तिथे निघतच नाही, कारण वळी वळली जात नाही.

माझ्या मते चूक टिकून राहण्याचं कारण हेच आहे. ती सगळीकडे चूक नाही. फील्ड कपॅसिटीची मूळ व्याख्या झिरपणाऱ्या जमिनीवर बसते आणि तिथे दोन्ही शब्द एकमेकांच्या शेजारी येतात. तोच बरोबरीचा चिन्ह आपण विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीवर लावला, की पाच-दहा दिवसांची चूक होते. खरीप पेरणीत पाच-दहा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं काळ्या जमिनींसाठी जी शिफारस मांडली, तिच्यात पावसाची खात्री असलेल्या भागात पावसाआधी कोरड्यात पेरणी करण्याचा सल्ला होता. कारण हेच. एकदा पाऊस लागला की ही जमीन लवकर हात लावू देत नाही. 'वाफसा म्हणजे फील्ड कपॅसिटी' असं मानणाऱ्याला ही शिफारस वाचून कळणारच नाही की एवढी घाई कशाला. निचरा होताच पेरता येत असेल, तर कोरड्यात पेरायची जोखीम कोण घेईल?

नमुना घेताना होणारी चूक

शब्द सुटला तरी आकड्यात आणखी एक खड्डा आहे. त्यात मी पडलो आहे, तुम्ही पडू नका.

समजा तुम्ही माती आणली. रिकामी डबी ४० ग्रॅम, ओल्या मातीसह १६६ ग्रॅम. १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत ठेवल्यावर १४० ग्रॅम. पाणी गेलं २६ ग्रॅम, कोरडी माती १०० ग्रॅम. ओलावा २६ टक्के. वरच्या उदाहरणातल्या रानासाठी हा वाफसाच.

पण घाईत कोणी २६ ला ओल्या मातीच्या वजनानं, म्हणजे १२६ नं भागलं तर? उत्तर येतं २०.६ टक्के. माती तीच, पण कागदावर वाफसा उडालेला! मृदाशास्त्रात भागायचं असतं ते कोरड्या वजनानं. धान्यातला ओलावा सांगताना मात्र व्यवहारात ओल्या वजनानं भागतात. म्हणून काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेतून मृदाशास्त्रात आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

तिसरी शक्यता सेन्सरची. सेन्सर बहुतेक आकारमानाची टक्केवारी दाखवतो. त्याच रानात, त्याच दिवशी त्याच्या पडद्यावर ३१ दिसेल. म्हणजे एकाच मातीला २०.६, २६ आणि ३१ असे तीन आकडे. पेपरमध्ये नुसतं 'ओलावा २६ टक्के' लिहिलं असेल, तर कसले टक्के हे पद्धतीच्या विभागात शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथेही नसेल, तर तो आकडा तुमच्या आकड्याशी ताडून बघायच्या लायकीचा नाही.

वाफसा इंग्रजीत गेला तेव्हा

आतापर्यंत इंग्रजी शब्द मराठीत येताना काय झालं ते बघितलं. उलट दिशेनंही एक प्रवास झाला आहे, आणि तुम्ही नैसर्गिक शेतीवरचे पेपर वाचणार असाल तर तो माहीत हवा.

विदर्भातले सुभाष पाळेकर यांच्या झिरो बजेट नैसर्गिक शेतीच्या मांडणीत बीजामृत, जीवामृत, आच्छादन यांच्या जोडीला वाफसा हा एक आधारस्तंभ आहे. ही पद्धत कर्नाटक, आंध्रात पसरली तसा आपला शब्द इंग्रजी लेखनात शिरला. शोधताना तो वेगवेगळ्या स्पेलिंगनं सापडतो, म्हणून हे सगळे टाकून बघा:

```
whapasa OR waaphasa OR wapasa OR vaphasa
"soil workability" AND vertisol
```

पहिल्या ओळीतून जे पेपर येतात आणि दुसऱ्या ओळीतून जे येतात, त्यांची एकमेकांशी ओळख नाही. पहिल्या गटात वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाण्याऐवजी हवा आणि पाण्याची वाफ असण्याची स्थिती. मुळांना पाणी नव्हे, वाफ लागते, असं तिथे मांडलेलं असतं. शब्दातच 'वाफ' दिसते, त्यामुळे ऐकताना ते पटतंही. पण शब्दावरून मातीचं भौतिकशास्त्र काढता येत नाही, ते तपासावं लागतं.

तपासू या. आपलंच रान घ्या, वाफशावर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा तुकडा कल्पना करा आणि तो सगळा २५ टक्के ओलाव्याला आहे असं धरा. मातीच्या कणांची घनता २.६५ धरली तर या तुकड्यात पोकळी सुमारे ५५ टक्के. त्यातली ३० टक्के जागा पाण्यानं भरलेली, म्हणजे ३०० किलो पाणी. उरलेली २५ टक्के जागा हवेची. २५ अंश तापमानाला बाष्पानं तुडुंब भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी मावतं. आपल्याकडे पाव घनमीटर हवा आहे. म्हणजे वाफेच्या रूपातलं पाणी सहा ग्रॅमच्या आत.

३०० किलो एकीकडे, ६ ग्रॅम दुसरीकडे. एक चौरस मीटरवरचं वाढलेलं पीक दिवसाला ४ मिलिमीटर, म्हणजे ४ किलो पाणी उडवतं. वाफेवर जगायचं ठरवलं तर शिल्लक काही मिनिटांत संपेल.

दुसरी तपासणी त्याहून सोपी आहे. पीक कायमचं कोमेजतं त्या १५०० किलोपास्कलच्या स्थितीतही मातीतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता जवळपास ९९ टक्के असते. मुळांना वाफच पुरत असती, तर पीक त्या बिंदूला कोमेजलं नसतं, कारण वाफ तर जवळजवळ तेवढीच आहे. कमी झालेलं असतं ते द्रवरूप पाणी. कोरड्या वरच्या थरात तापमानाच्या फरकानं वाफ सरकते, हे खरं. पण पिकाची गरज भागवण्याचं काम कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थराचं आहे.

मग वाफशाचा हा अर्थ टाकाऊ का? इथे मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. मुळांना हवा लागते, हा त्यातला भाग पक्का आहे. आपल्या उदाहरणात फील्ड कपॅसिटीला हवेची जागा होती साडेअकरा टक्के. मुळांना श्वास घ्यायला किमान १० टक्के हवी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे काळ्या रानात फील्ड कपॅसिटीला मुळं जेमतेम काठावर असतात आणि वाफशाला ती जागा २५ टक्के होते. भरमसाट पाणी देणाऱ्या बागायतदाराला 'मुळाशी वाफसा ठेव' हा सल्ला म्हणूनच लागू पडतो. आच्छादन करा, एक सरी सोडून पाणी द्या, हे उपायही वेगळे तपासता येतात. त्यांनी पाणी वाचलं की नाही हे मोजता येतं. चूक आहे ती कारणात. सल्ला उपयोगी ठरला म्हणून त्याचं स्पष्टीकरण खरं ठरत नाही, आणि स्पष्टीकरण चुकलं म्हणून सल्ला आपोआप वाया जात नाही. या विषयावरचे पेपर वाचताना लेखकानं दोन्ही वेगळे ठेवले आहेत का, हे बघत चला.

मग एका शब्दाचे तीन अर्थ

आता आपल्याकडे तीन वाफसे जमले. शेतकऱ्याचा वाफसा म्हणजे औत चालण्याजोगी स्थिती. सिंचनाच्या मराठी पुस्तिकेतला वाफसा, जिथे तो बरेचदा फील्ड कपॅसिटीच्या जागी ठेवलेला असतो: 'ठिबकनं जमीन कायम वाफशावर ठेवावी.' आणि नैसर्गिक शेतीतला वाफसा, हवा आणि वाफेचा. तिन्ही ठिकाणी शब्द तोच असला, तरी त्यामागचा ओलावा वेगळा, खोली वेगळी आणि हेतूही वेगळा.

माझी तक्रार भाषांतर करणाऱ्यांवर आहे, पण ती 'शुद्ध पारिभाषिक शब्द वापरा' अशी नाही. फील्ड कपॅसिटीला कोणी 'क्षेत्र जलधारणा' म्हणावं, कोणी 'फील्ड कपॅसिटी' असंच देवनागरीत लिहावं, मला दोन्ही चालतं. कारण हे शब्द ऐकून शेतकरी फार तर 'म्हणजे काय' असं विचारेल. वाफसा म्हटलं की तो विचारणार नाही. त्याला वाटेल आपल्याला कळलंय, आणि आपल्याला वाटेल त्याला कळलंय. अनोळखी शब्दानं एक प्रश्न वाढतो. ओळखीचा शब्द चुकीच्या जागी बसवला की प्रश्न विचारायची सोयच जाते. माझ्या प्रश्नावलीत नेमकं हेच झालं होतं.

तुमच्या कामात काय करायचं

मराठी प्रश्नावलीतून इंग्रजी तक्ता भरत असाल, तर वाफसा या शब्दाचं भाषांतर करू नका. तो शब्द तसाच ठेवा आणि त्याची मोजमापाची व्याख्या लिहा. मी शेवटी असं केलं: शेतकरी ज्या दिवशी 'आज वाफसा आहे' म्हणेल त्याच दिवशी, तो ज्या खोलीला औत घालणार त्या खोलीपर्यंतचा नमुना घ्यायचा, ओलावा कोरड्या वजनावर काढायचा आणि त्याच शेताची प्लास्टिक लिमिट व ३३ किलोपास्कलचा ओलावा वेगळा मोजायचा. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की शब्द कुठे बसतो ते रान स्वतः सांगतं.

यालाही मर्यादा आहेत, त्या प्रबंधात लिहा. प्लास्टिक लिमिट काढताना माती चाळून, मळून घेतात, म्हणजे तिची मूळ रचना मोडलेली असते. शेतातली माती मळलेली नसते. दुसरं, शेतकऱ्याचा 'वाफसा' औताप्रमाणे हलतो. बैलाच्या वखराला चालणारी ओल ट्रॅक्टरला चालेलच असं नाही, कारण तिथे माती भुसभुशीत होते का, याच्या जोडीला वजन पेलते का हाही प्रश्न येतो. इंग्रजीत यासाठी 'ट्रॅफिकेबिलिटी' असा वेगळा शब्द आहे. आपण दोन्हींना वाफसाच म्हणतो. म्हणून औत कोणतं होतं, हे त्याच नोंदीत लिहून घ्या.

आणि तिसरं, माणूस. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात मी नमुना घ्यायला गेलो होतो. मूठ माझ्यासमोर दाबून त्यांनी 'अजून दोन दिवस' असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिफण सुरू. मी विचारलं, 'काका, वाफसा आला का?' ते म्हणाले, 'वाफसा नाही आला रे, आभाळ आलं.' पाऊस पुन्हा लागला तर पंधरा दिवस रानात पाय टाकता येणार नाही, म्हणून त्यांनी ओल्यातच पेरलं. माझ्या जुन्या प्रश्नावलीत त्यांनी 'हो' म्हटलं असतं किंवा 'नाही', दोन्ही उत्तरं अपुरीच ठरली असती. 'पेरणी कोणत्या दिवशी केली आणि तोच दिवस का निवडला,' असा प्रश्न तिथे हवा होता. आता माझ्या प्रश्नावलीत तो आहे.

तुमच्या वहीत इंग्रजी-मराठी जोड्यांची यादी असेलच. आज रात्री ती काढा आणि प्रत्येक जोडीपुढे एक रकाना वाढवा: हे कशानं मोजतात? दोन्ही शब्द एकाच गोष्टीनं मोजले जात असतील तर बरोबरीचा चिन्ह राहू द्या. एक प्रेशर प्लेटनं आणि दुसरा मुठीनं मोजला जात असेल, तर चिन्ह खोडा आणि दोन ओळी करा. माझ्या वहीत ती ओळ आता अशी आहे: भारी जमिनीत आधी फील्ड कपॅसिटी, मग काही दिवसांनी वाफसा.